मोजपट्टी कोणाची, आणि कशासाठी?

अंगणवाडीच्या भिंतीवर लावलेला किंवा मातेच्या हाती दिलेला बालकाच्या वाढीचा तक्ता आता आपल्या जिल्ह्यात अपरिचित राहिलेला नाही. हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे त्याचे तीन पट्टे. महिन्या-महिन्याला मुलाचे वजन त्यावर टिंबाने दाखवायचे आणि टिंब कोणत्या पट्ट्यात पडते ते पाहावयाचे. या तक्त्याविषयी भंडारा-साकोलीपासून लाखांदूर-पवनीपर्यंत सुशिक्षित माणसांच्या तोंडून एक आक्षेप हमखास ऐकू येतो. आपल्याकडची माणसे मुळातच लहान चणीची. बापही बारीक, आईही बारीक. अशा घरच्या मुलाला नॉर्वे आणि अमेरिकेच्या मुलांसाठी बनविलेल्या पट्टीने मोजून 'कुपोषित' ठरविणे हा न्याय कोणता? आपल्या मुलांसाठी आपली पट्टी का नसावी?

आक्षेप वरवरचा नाही. त्यामागे स्वाभिमान आहे, आणि एका अनुभवाचा आधारही आहे. कारण परक्या पट्टीने आपल्याला खरोखरच एकदा फसविले होते. परंतु ती पट्टी आजची नव्हे. आजची पट्टी का आणि कशी तयार झाली हे समजून घेतले, तर 'स्थानिक' या शब्दाचा मोह आपल्याला उलट्या दिशेला नेतो हे ध्यानात येईल.

प्रथम जुन्या पट्टीची हकीकत पाहू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा मुलांची प्रतवारी करण्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ साली सुचविलेली पद्धत स्वीकारण्यात आली. या पद्धतीचा पाया 'हार्वर्ड' नावाने ओळखली जाणारी वजने हा होता. ही वजने अमेरिकेतील बोस्टन शहरात, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळात वाढलेल्या गोऱ्या मुलांची होती. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतच दुसरा तक्ता तयार झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो जगभर पाठविला. त्यातील तान्ह्या मुलांची मापे ओहायो राज्यातील एका छोट्या गावाच्या परिसरात १९२९ ते १९७५ या काळात घेतलेली होती. ही मुले बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती, आणि सुरुवातीच्या महिन्यांत, म्हणजे वाढीचा वेग सर्वाधिक असताना, त्यांची मापे तीन-तीन महिन्यांच्या अंतराने घेतली गेली होती.

येथे घोटाळा केवळ मुले अमेरिकन असण्याचा नव्हता. वाढीच्या रेषेचा आकारच निराळा होता. अंगावर पिणारे निरोगी मूल पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो. बाटलीवरचे मूल सुरुवातीस थोडे मागे असते, पण पुढे त्याचे वजन अधिक चढते. आकड्यांत सांगायचे तर, जुन्या अमेरिकन तक्त्यात तीन महिन्यांच्या मुलग्याचे मधले वजन सुमारे ६ किलो आणि वर्षाच्या मुलग्याचे १०.२ किलोच्या आसपास होते. आजच्या तक्त्यात हेच आकडे ६.४ आणि ९.६ असे आहेत. म्हणजे तिसऱ्या महिन्यात पुढे असणारे मूल वर्षाच्या शेवटी अर्ध्या किलोहून अधिक मागे दिसते, आणि तरीही ते सर्वस्वी निरोगी असते.

याचा परिणाम कोठे होत होता तो पाहण्यासारखा आहे. चार-पाच महिन्यांच्या बाळाची रेषा जुन्या तक्त्यावर हळूहळू खाली झुकताना दिसे. मग 'आईला दूध पुरत नाही' असा निष्कर्ष निघे आणि वरचे दूध सुरू करण्याचा सल्ला मिळे. आपल्या भागात आषाढ-श्रावणात रोवणीचे दिवस असतात, आई चिखलात असते, बाळ म्हातारीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ असते. अशा घरी पाणी घातलेले वरचे दूध आणि न उकळलेली बाटली आली म्हणजे हगवण आलीच. निरोगी मुलाला आजारी समजून दिलेला सल्ला त्याला खरोखरच आजारी करीत होता. तक्ता चुकला की त्याची किंमत अशी मोजावी लागते. परक्या मोजपट्टीविषयीचा आक्षेप त्या काळी खराच होता, आणि आजची पट्टी तयार करण्याचा निर्णयही नेमका याच दोषातून झाला.

मग त्यावर उपाय म्हणून स्थानिक पट्टी का घेतली नाही? ती उपलब्ध नव्हती असे नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांत मुलांची मापे घेतली होती आणि ती १९७२ मध्ये प्रसिद्ध केली होती. पण ही मापे मुख्यत्वे सामान्य, गरीब कुटुंबांतील मुलांची होती. ती मुले कशी आहेत हे त्यांवरून कळत होते. ती कशी असावयास हवीत हे कळत नव्हते. संदर्भ आणि प्रमाण यांतला भेद हाच. संदर्भ म्हणजे विशिष्ट जागी, विशिष्ट वेळी आढळलेली मापे. प्रमाण म्हणजे पोट भरलेले, आजारपण कमी, आईचे दूध मिळालेले मूल ज्या तऱ्हेने वाढते ती तऱ्हा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद परिचयाच्या उदाहरणाने समजेल. समजा, शेतमजुराचे किमान वेतन ठरवावयाचे आहे, आणि त्यासाठी आपण तालुक्यातील मजुरांना आज मिळणाऱ्या मजुरीची सरासरी काढली व तीच 'किमान वेतन' म्हणून जाहीर केली. लागलीच निम्मे मजूर कायद्याने समाधानी ठरतील. मजुरी एका पैशानेही वाढलेली नसेल. वाढलेला असेल तो केवळ समाधानी म्हणून गणलेल्यांचा आकडा. अर्धपोटी मुलांच्या मापांवरून काढलेली स्थानिक पट्टी हेच करते. ज्या जिल्ह्यात कुपोषण अधिक, तेथील सरासरी खाली. सरासरी खाली, म्हणून तेथील कुपोषण 'कमी'. ज्याचे मोजमाप करावयाचे तेच मापात मिसळले, तर मापाला काही अर्थ उरत नाही.

ही अडचण ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात एक निराळा प्रयोग केला. ब्राझीलमधील पेलोटास, घानातील आक्रा, नॉर्वेतील ऑस्लो, ओमानमधील मस्कत, अमेरिकेतील डेव्हिस आणि आपली दिल्ली अशी सहा शहरे निवडली. दिल्लीतही दक्षिणेकडील सुखवस्तू वस्त्या घेतल्या. प्रश्नच असा होता की, अडथळे दूर केले तर मूल कसे वाढते? म्हणून अट अशी की, घरच्या परिस्थितीमुळे वाढ खुंटण्याचे कारण नसावे, आई धूम्रपान करणारी नसावी, मूल पूर्ण दिवसांचे आणि एकटे जन्मलेले असावे, ते निदान चार महिने सर्वस्वी किंवा मुख्यतः आईच्या दुधावर असावे, सहाव्या महिन्यापर्यंत वरचे अन्न सुरू व्हावे आणि अंगावर पाजणे किमान वर्षभर चालू राहावे. स्तनपानात अडचण आली तर मातांना सल्ला देणाऱ्या बायका नेमल्या होत्या. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला घरी जाऊन एकवीस वेळा मोजण्यात आले. पहिल्या दोन महिन्यांत तर आठवड्या-पंधरवड्याने. सतराशेहून अधिक मुलांनी सुरुवात केली, पण सर्व अटी शेवटपर्यंत पाळल्या गेल्या अशी मुले ८८२ निघाली. त्यांना दीड ते सहा वर्षे वयोगटातील सुमारे ६,७०० मुलांच्या एकवेळच्या मापांची जोड दिली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेला तक्ता यातूनच उभा राहिला.

या प्रयोगाचे फलित अनेकांना अनपेक्षित होते. मुलांच्या लांबीत जो एकूण फरक आढळला, त्यातील सुमारे ७० टक्के एकाच शहरातील मुला-मुलांमधला होता. शहरा-शहरांमधला जेमतेम ३ टक्के. म्हणजे ऑस्लोतील दोन शेजाऱ्यांच्या मुलांत जेवढी तफावत, त्यापुढे ऑस्लो आणि दिल्ली यांच्या सरासरीतील तफावत नगण्य. आईबाप उंच असतील तर मूल उंच, हे खरेच; पण हा वारसा कुटुंबागणिक बदलतो, पाच वर्षांखालील वयात देशागणिक फारसा बदलत नाही. सहा देशांची मापे एकत्र करता आली ती या कारणाने. ती तशी जुळली नसती, तर एक पट्टी काढणे चुकीचेच ठरले असते.

दिल्ली दूर वाटत असेल, तर नागपूर घ्या. भंडाऱ्यापासून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. तोच भात, तीच अंबाडीची भाजी, तेच उन्हाळे. गर्भाची आणि नवजात बालकांची वाढ मोजण्यासाठी 'इंटरग्रोथ-२१' हा आठ देशांतील अभ्यास झाला, त्यात भारताचे केंद्र नागपूर होते. ऑक्सफर्ड, ट्यूरिन, सिएटल, नैरोबी, बीजिंगचा परिसर, मस्कत आणि पेलोटास ही इतर सात. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोगी, सुपोषित मातांची निवड केल्यावर जन्मवेळच्या लांबीतील एकूण फरकापैकी शहरा-शहरांमधल्या फरकाचा वाटा केवळ साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. पुढे नागपूरसह पाच शहरांतील ही मुले दोन वर्षांची झाली तेव्हा पुन्हा मोजली गेली, आणि त्यांची एकत्रित लांबी २००६ च्या तक्त्याच्या जवळजवळ मधोमध आली. आपल्या दारातल्या शहरातील मुले या प्रयोगात होती. ही पट्टी केवळ परक्यांची आहे असे म्हणण्यास त्यानंतर फारशी जागा उरत नाही.

आता ही पट्टी व्यवहारात काय बदलते ते दोन मुलींच्या कल्पित उदाहरणावरून पाहू. दोघीही बरोबर एक वर्षाच्या. पहिलीचे वजन ७.४ किलो, दुसरीचे ६.२ किलो. जुन्या पद्धतीत मुलगा आणि मुलगी यांना एकच पट्टी होती आणि वर्षाच्या मुलाचे अपेक्षित वजन सुमारे १० किलो मानले जाई. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर सर्वसाधारण, ७१ ते ८० टक्के पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी आणि त्याखाली चौथी. त्या हिशेबाने पहिली मुलगी ७४ टक्क्यांवर, म्हणजे पहिल्या श्रेणीची कुपोषित. दुसरी ६२ टक्क्यांवर, म्हणजे दुसऱ्या श्रेणीची, मध्यम. दुप्पट आहार तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीला मिळत असे. सबब दुसऱ्या मुलीला तो मिळाला नसता.

नव्या तक्त्यात वर्षाच्या मुलीचे मधले वजन ८.९ किलो आहे. तेथून दोन प्रमाण विचलने खाली ७.० किलोची रेषा आणि तीन प्रमाण विचलने खाली ६.३ किलोची. पहिली मुलगी ७.० च्या वर आहे. ती हिरव्या पट्ट्यात, तिच्या आईला घाबरविण्याचे कारण नाही. दुसरी ६.३ च्या खाली आहे. ती नारिंगी पट्ट्यात, तीव्र कमी वजनाची, आणि तिच्याकडे त्याच आठवड्यात लक्ष गेले पाहिजे. म्हणजे 'परक्या' पट्टीने पहिलीला उगाच कुपोषित ठरविले नाही आणि दुसरीला नजरेआड होऊ दिले नाही. १५ ऑगस्ट २००८ पासून आपल्या देशाने हा तक्ता स्वीकारला, तेव्हा ठिकठिकाणच्या आकडेवारीत हेच दिसले: कमी वजनाच्या मुलांची एकूण संख्या घटली आणि तीव्र गटातली वाढली. नवी पट्टी आपल्या मुलांना सरसकट खाली ढकलते हा समज या अनुभवाशी जुळत नाही.

या वादाला महाराष्ट्रात स्वतंत्र इतिहास आहे, आणि तो आमच्या विषयाच्या अभ्यासकांना विसरता येत नाही. अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषविलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पुण्यात परतल्यावर असे प्रतिपादन केले की, माणसाचे शरीर कमी आहाराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते; सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानणे चूक आहे. त्यांनीच संपादित केलेल्या आणि पुण्यातून १९८२ मध्ये निघालेल्या ग्रंथात डेव्हिड सेकलर या अर्थशास्त्रज्ञाने 'लहान, पण निरोगी' अशी कल्पना मांडली: सौम्य खुंटलेली मुले आजारी नव्हेत, ती परिस्थितीशी जुळवून घेतलेली आहेत. डॉ. सी. गोपालन यांनी पुढच्याच वर्षी तिला उत्तर दिले. लहान असणे चांगले, ते फक्त गरिबांसाठीच का, असा त्यांचा रोख होता. सुखात्म्यांचा सांख्यिकीय मुद्दा, म्हणजे सरासरीखालचा प्रत्येक जण रोगी नसतो हा, आजच्या तक्त्यानेही मान्य केला आहे. म्हणूनच रेषा सरासरीवर नाही, ती दोन प्रमाण विचलने खाली आहे. पण जुळवून घेणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. घर गहाण टाकून संसार चालविणाराही परिस्थितीशी जुळवूनच घेत असतो. खुंटलेल्या बाळाचे शरीर वाढ गहाण टाकून जीव राखते.

२०१३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अरविंद पानगढिया यांनी हाच प्रश्न अनुवंशाच्या अंगाने पुन्हा उपस्थित केला: आफ्रिकेतील कित्येक देशांपेक्षा भारतात बालमृत्यू कमी, तरी खुंटलेली मुले अधिक, तेव्हा दोष पट्टीचाच असला पाहिजे. शंका रास्त होती. परंतु मूल जगते लस, दवाखाना आणि औषध यांच्या बळावर. ते वाढते आईच्या गरोदरपणातील आहारावर, स्वच्छ पाण्यावर आणि संडासावर. पहिल्यात पुढे गेलेला समाज दुसऱ्यात मागे राहू शकतो, आणि आपण तसेच राहिलो आहोत.

तथापि या पट्टीला मर्यादा नाहीत असे नव्हे. पहिली मर्यादा अशी की, ती एका मुलावर शिक्का मारण्यासाठी नाही. संपूर्ण निरोगी समाजातही शंभरांपैकी दोन-तीन मुले दोन विचलनांच्या खाली असतातच. एखादे मूल रेषेखाली असले, पण महिनोन् महिने आपल्या रेषेला समांतर चढत असेल, खेळते असेल, आणि आईबाप ठेंगणे असतील, तर ते कदाचित त्या दोन-तिघांपैकी असेल. उलट हिरव्या पट्ट्यातील मुलाची रेषा दोन महिने आडवी झाली, तर तेथे काही बिघडले आहे. पण राज्याचा विचार करताना हा बचाव चालत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुंटलेली आढळली. जेथे दोन-तीन अपेक्षित तेथे पस्तीस. हे अंतर ठेंगण्या आईबापांच्या नावे टाकता येत नाही.

दुसरी मर्यादा जन्मवजनाची. नागपूरच्या त्या निरोगी बाळांची लांबी इतर देशांशी जुळली, पण वजनात ती हलकी होती. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातही जन्मवेळचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास आढळले, आणि ही बाळे दिसायला बारीक असूनही त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. वजनकाटा स्नायू आणि चरबी यांत भेद करीत नाही. सबब आपल्या बारीक मुलाला तूप-साखर, बिस्किटे चारून केवळ हिरव्या पट्ट्यात ढकलणे हा उपाय नव्हे. लांबी वाढते की नाही हेही पाहिलेच पाहिजे. आणि या मर्यादेचे मूळही बाळात नाही, आईत आहे. लहानपणी खुंटलेली मुलगी पुढे लहान बाळाला जन्म देते. ही घडी एका पिढीत उलगडत नाही.

तिसरी गोष्ट मर्यादेची आहे आणि आक्षेपकांना समाधान देणारीही आहे. पाच वर्षांनंतर आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ स्थानिक तक्ताच वापरतात. तो २०१५ साली, पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर व डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या कामाच्या आधारे प्रसिद्ध झाला. कारण पाच वर्षांपुढील वयासाठी सहा देशांसारखा प्रयोग झालेलाच नाही. त्या वयाचा जागतिक तक्ता जुन्या अमेरिकन मापांवरच पुन्हा हिशेब करून काढलेला आहे. शिवाय वयात येण्याचा काळ निरनिराळ्या समाजांत मागेपुढे होतो. पण हा स्थानिक तक्ता तयार करतानाही मुले निवडली ती सुस्थितीतील घरांतली. तत्त्व तेच राहिले.

तेव्हा पट्टी कोणत्या देशाची हा प्रश्नच गौण आहे. ती पोटभर वाढलेल्या मुलांची आहे की अर्धपोटी मुलांची, एवढेच विचारावयाचे. रेषा खाली सरकविली तर अहवालातील टक्केवारी एका दिवसात सुधारेल आणि आहारावरचा खर्चही वाचेल. पण मोहाडीच्या विणकराच्या किंवा तलावावर जाळे टाकणाऱ्या ढिवराच्या घरातील ६.२ किलोची ती मुलगी त्या दिवशीही ६.२ किलोचीच राहील. फरक एवढाच पडेल की, तिच्याकडे पाहण्यास कोणी बांधील राहणार नाही.